उरलं ते तुझं?

मारेगाव तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते. संध्याकाळी काटा लागतो, वजन होतं, पैसे ठरतात. ‘आवडीनं वेचतेस ना, मग कमी घे’ असं तिला कुणी म्हणत नाही. तिचीच मुलगी क्रोशाची पर्स विणून स्टेटसला टाकते, तेव्हा मात्र विचारतात, “दोऱ्याला किती लागले? त्यावर शंभर घे की!”

ही शंभर रुपयांची दानत जरा मोजू. समजा, पर्सला ३०० ग्रॅम सुती दोरा लागला, १०० ग्रॅमला ८० रुपये भावानं. म्हणजे २४० रुपये. विणणं, दोऱ्याची टोकं लपवणं, बंद जोडणं, सगळं धरून ९ तास. पिशवी, लेबल, चिकटपट्टी मिळून पॅकिंग २५. ही पर्स ३५० ला गेली तर हातात ८५ उरले, म्हणजे तासाला साडेनऊ रुपयेही नाहीत. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागा, ३९ येतात.

माझं म्हणणं इतकंच, की मजुरी आधी ठरवा. तासाला ६० धरले तर ९ तासांचे ५४०, अधिक २४०, अधिक २५. किंमत ८०५. महाग वाटते? हमीभावाचा खर्च काढताना सरकारसुद्धा घरच्या माणसांचे कष्ट खर्चात धरतं. आपल्याच घरातल्या सुईला तो नियम का नाही?

‘दोऱ्याच्या तिप्पट किंमत लावा’ हे सूत्रही फसवं आहे. जाड दोरा महाग असतो, पण काम भराभर उरकतं. बारीक दोरा १२० रुपयांत येतो आणि २० तास खातो. तिप्पट म्हणजे ३६०. दोरा आणि पॅकिंग वजा करा, तासाला पावणेअकरा रुपये पडतात. नाजूक काम करणारीच जास्त बुडते.

तास मात्र खरे लावा. फोनचं स्टॉपवॉच चहाला उठताना थांबवा. पहिल्या पर्सला उसवाउसवी फार होते, तिचा वेळ गिऱ्हाइकाच्या माथी मारू नका, तिसरीचा धरा. दोऱ्याचा गुंडा आधी आणि नंतर वजन करा, अंदाज नको.

आणि हो, बाजारातली ती ३०० ची क्रोशाची पर्स मशीननं केलेली नसते. क्रोशाचं काम कारखान्यात मशीनवर होत नाही, तीही कुणाच्या तरी हातचीच असते. ती स्वस्त आहे म्हणजे कुणाचे तरी तास मोजलेले नाहीत.

८०५ ला गिऱ्हाईक नसेल तर मजुरी नाही, वीण बदला. मुक्या खांबांची घट्ट वीण सोडून जाळी घ्या: १५० ग्रॅम दोरा १२०, पाच तास ३००, पॅकिंग २५. पर्स ४४५ ला देता येते, आणि तासाचे ६० तसेच राहतात.