अजिंठ्याचा पिवळा आणि ४.५ चा आकडा

अजिंठा-फर्दापूर परिसरातल्या पर्यटन व्यवसायांसाठी ॲप आणि वेबसाइट करणाऱ्या काही वाचकांची पत्रे या महिन्यात आली. सगळ्यांची तक्रार एकच आहे. ग्राहकाला ‘लेण्यांतले रंग’ हवे असतात. तो भित्तिचित्राचा फोटो पाठवतो, त्यातला पिवळा आयड्रॉपरने उचलून बटणाला द्यायला सांगतो आणि वर पांढरी अक्षरे मागतो. मंजुरी बंद खोलीतल्या मोठ्या मॉनिटरवर मिळते. पुढे वाहनतळावर उभ्या असलेल्या पर्यटकाला ‘तिकीट दाखवा’ हे शब्द वाचता येत नाहीत, आणि ठपका डेव्हलपरवर येतो.

एका पत्रातली जोडी आम्ही तपासली. पिवळा `#C8963E`, अक्षरे `#FFFFFF`. गुणोत्तर निघते २.६६. साध्या मजकुराला एए पातळीसाठी किमान ४.५ लागते, मोठ्या अक्षरांना ३. म्हणजे ही जोडी मोठ्या मथळ्यालाही चालत नाही. तोच पिवळा ठेवून अक्षरे गडद तपकिरी `#3A1F10` केली, तर गुणोत्तर ५.७ होते. ग्राहक पांढऱ्या अक्षरांवर अडूनच बसला, तर पार्श्वभूमी `#8F6420` पर्यंत गडद करावी लागते. तेव्हा ५.२ मिळते, पण मूळचा उजळ पिवळा हातचा जातो. निवड ग्राहकाने करावी, मात्र दोन्ही जोड्या समोर ठेवूनच.

मुळात ‘फोटोतला पिवळा’ हा एक रंग नसतोच. लेण्यांत फ्लॅश चालत नाही, उजेड मंद असतो, त्यामुळे फोन व्हाइट बॅलन्स स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. त्यात जेपीईजीमुळे शेजारशेजारचे पिक्सेलही वेगळे असतात. म्हणून पिकर एका पिक्सेलवर लावू नका, ५×५ ची सरासरी घ्या. मॅकवरच्या डिजिटल कलर मीटरमध्ये `Display in sRGB` निवडा, नाहीतर तो त्या पडद्याचे स्वतःचे आकडे देतो आणि सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तोच बिंदू दुसरा हेक्स दाखवतो. अर्धपारदर्शक अक्षरे असतील, तर चेकरमध्ये मूळ पांढरा टाकू नका. पार्श्वभूमीत मिसळून पडद्यावर प्रत्यक्ष दिसणारा रंग टाका. पांढरी अक्षरे थेट फोटोवर असतील, तर त्यांच्यामागचा सर्वांत उजळ भाग मोजा. तिथे सरासरी फसवते.

आता उन्हाचा प्रश्न. चेकरच्या सूत्रात दोन्ही रंगांच्या तेजात ०.०५ मिळवलेले असतात. ही पडद्यावरच्या परावर्तित प्रकाशासाठी धरलेली रक्कम आहे, आणि ती खोलीतली आहे. बाहेर परावर्तन पडद्याच्या पांढऱ्या तेजाच्या २० टक्के धरून हिशेब केला, तर काळ्या-पांढऱ्याचे २१ थेट ६ वर येतात. आपली ५.७ ची जोडी साधारण २.५ वर येते. आणि तो २.६६ चा पिवळा-पांढरा २.२ वर. चेकरला हे कळत नाही. फोनचा ‘व्हिव्हिड’ मोड आणि स्वस्त लॅपटॉपचा फिका पॅनलही त्याला कळत नाही. त्याच्या लेखी दोन हेक्स, एक आकडा. म्हणून पैसे, वेळ, तिकीट, चूक अशा बाहेर वाचायच्या मजकुराला ७ च्या खाली जाऊ नये, असे आमचे मत आहे.

देवनागरीसाठी आणखी एक गोष्ट. त्याच पिक्सेल आकारात रोमनच्या मानाने आपले अक्षर लहान दिसते, कारण मात्रा आणि उकारांना वर-खाली जागा लागते. उजेड वाढला की अनुस्वार आणि रफार आधी नाहीसे होतात. २४ पिक्सेलचा मथळा आहे म्हणून ३ ची सवलत घ्यायची, हे मराठी मथळ्याला करू नका. तिथेही ४.५ च धरा.

याउलट तपासणीची रीत पाहा. शासकीय संकेतस्थळांसाठीच्या ‘जीआयजीडब्ल्यू ३.०’ मध्ये एए पातळीची अपेक्षा आहे. पण वाचक कळवतात की त्यांच्याकडून मागितला जातो तो मुख्यपानाचा, हिरवी खूण असलेला एक स्क्रीनशॉट. बंद बटण, चूक दाखवणारा संदेश, फॉर्ममधला फिकट सूचक मजकूर, डार्क मोड यांकडे कोणी पाहत नाही. सूचक मजकुराला हमखास दिला जाणारा `#999999` पांढऱ्यावर २.८५ आहे, आणि त्याच्यावरही सही होते. हा कागद कोणाच्याही उपयोगाचा नाही. तो मागणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा स्वतःचा फोन घेऊन बाहेर उन्हात उभे राहावे आणि तो फॉर्म भरून दाखवावा.

आपल्यातही आळस आहेच. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये अक्षरांच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केले की गुणोत्तर दिसते आणि तो विभाग उघडला की मर्यादेची रेषाही दिसते. ते न पाहता काम सोपवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ४.४८ ला ४.५ म्हणून पुढे ढकलणारेही आहेत. `#777777` पांढऱ्यावर नेमका तिथेच अडकतो. `#767676` चालतो.

सभासदांना आमची विनंती आहे की पुढच्या प्रस्तावात रंगांच्या नावांऐवजी जोड्या लिहा: दोन हेक्स, गुणोत्तर, अक्षराचा आकार, आणि एका स्वस्त फोनवर दुपारी बाहेर काढलेला फोटो. ग्राहकाची सही त्या पानावर घ्या.