मुलाखत ऐनवेळी रद्द करणाऱ्यांच्या शिस्तीचे काय?



नियुक्तिपत्र स्वीकारूनही ऐनवेळी रुजू न होणाऱ्या उमेदवारांवर याच सदरात या आठवड्यात झालेली टीका एकांगी आहे, कारण त्याच उमेदवारांच्या मुलाखती ऐनवेळी पुढे ढकलणाऱ्या भरती सल्लागारांविषयी तीत चकार शब्द नाही.

हिंजवडीतील एखादा संगणक अभियंता सकाळी ११ च्या मुलाखतीसाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो आणि पावणेअकराला ‘पॅनल उपलब्ध नाही, नवीन वेळ कळवतो’ असा संदेश त्याच्या मोबाइलवर येतो. पॅनल म्हणजे मुलाखत घेणारे कंपनीतीलच अनुभवी कर्मचारी. त्यांचे मूळ काम वेगळे असल्याने एखाद्या वेळी त्यांना सवड न मिळणे समजण्यासारखे आहे. मात्र हेच दुसऱ्यांदा घडले, तर दोष बहुधा पॅनलचा नसून त्या पदाचाच असतो: पदाला मंजुरी मिळालेली नसते, किंवा ते स्थगित झालेले असते. बाहेरच्या सल्लागाराला त्याचे शुल्क, जे पुष्कळदा वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के म्हणजे एका महिन्याच्या वेतनाइतके असते, उमेदवार रुजू झाल्यावरच मिळते. त्यामुळे ‘जागा सध्या नाही’ असे स्पष्ट सांगण्यापेक्षा उमेदवाराला ताटकळत ठेवणे त्याच्या सोयीचे ठरते.

म्हणून पहिल्या वेळी नवी तारीख निमूटपणे स्वीकारावी. दुसऱ्या वेळी मात्र फोनवर हुज्जत न घालता ई-मेलने लिहावे: ‘हे पद आजही खुले आहे का, हे कृपया कळवावे. गुरुवारी सकाळी ९ किंवा शुक्रवारी सायंकाळी ७ ही वेळ मला सोयीची आहे. अन्य वेळ असल्यास, पॅनलने ती निश्चित केल्याचे कंपनीच्या ई-मेल पत्त्यावरून कळल्यानंतरच मी रजा घेईन.’ कार्यालयीन वेळेच्या आधीची किंवा नंतरची वेळ सुचवल्याने पुन्हा रजा वाया जाण्याचा धोका टळतो, आणि उत्तर नेमके येते की ‘कळवतो’ एवढेच येते, यावरून पदाची खरी स्थिती उघड होते. तिसऱ्यांदाही तेच घडल्यास दोन ओळींत उमेदवारी मागे घ्यावी. हातात नोकरी नसलेल्याला हे परवडणार नाही हे खरे. परंतु लेखी विचारणा करण्यास त्यालाही खर्च येत नाही.

याच सल्लागारांना मुलाखतीची वेळ ठरण्यापूर्वीच तीन महिन्यांच्या वेतनपावत्या हव्या असतात, हा तर उद्धटपणाचा कळस होय. उमेदवारावर ९० दिवसांच्या पूर्वसूचनेची अट लादणाऱ्या उद्योगाने मुलाखत रद्द करताना निदान एक दिवस आधी कळवण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे, आणि मगच उमेदवारांना शिस्तीचे धडे द्यावेत.

— एक वाचक, पुणे