कडी-कोयंड्यांचा काळिमा

नरडाण्यात एखाद्या जुन्या पेढीचे सागवानी दार दुरुस्तीस काढले, म्हणजे काळवंडलेल्या मुठी आणि गंजलेल्या बिजागऱ्या सहसा भंगारात जातात. त्याआधी लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला, तर वरचा पिवळेपणा केवळ मुलामा होय. तो घासू नये, खालचे लोखंड उघडे पडते. न चिकटल्यास मूठ बहुधा अस्सल पितळेची.

अशा मुठीस चिंच-मीठ चोळून दोन-तीन मिनिटांत धुवावे. रात्रभर भिजवण्याचा मोह घातक. आम्लाने पृष्ठभागावरील जस्त निघून जाते, तांबे उरते आणि पितळ गुलाबी दिसू लागते. मग पॉलिशने तो थर उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. मूठ पूर्ण वाळल्यावर स्पिरिटने पुसावी आणि बोटे न लावता लॅकरचे दोन पातळ हात द्यावेत. बोटाचा ठसा राहिला, तर काही महिन्यांनी तोच लॅकरखाली काळा उमटतो.

लोखंडी बिजागरी मात्र रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवता येते. सकाळी गंज घासून काढावा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून तत्काळ वाळवावी. ओली राहिली, तर पाहता पाहता पुन्हा तांबूस होते. लॅकर पानांपुरते, खिळीच्या सांध्यात केवळ तेलाचा थेंब, कारण तिथले लॅकर दाराच्या उघडझापीने सोलून निघते.