ताटाचा भाव आणि अंतरपाटामागचे दोन चेहरे

उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतली आपली बरीच मुलं आता कॅमेरा घेऊन किंवा केटरिंग काढून लग्नाच्या धंद्यात उतरली आहेत. त्यातले काही मला विचारतात, "काम चांगलं आहे, पोस्टही टाकतो, मग बुकिंग का येत नाही?" मला वाटतं, ग्राहक कौतुकापेक्षा पुरावा शोधत असतो, आणि तो पुरावा त्याला स्वतः तपासता आला पाहिजे.

आधी फोटोंचं बघू. वीस लग्नांतले वीस सुंदर फोटो कुणीही लावू शकतो. त्यातून एवढंच कळतं की वीस लग्नांत एकेक फोटो बरा आला. त्यापेक्षा कुटुंबाची परवानगी घेऊन एकाच लग्नाचे चाळीस फोटो क्रमाने लावा. हळदीला पिवळ्या मांडवाखाली चेहरे कसे दिसले, वाडीतल्या ट्यूबलाइटखाली जेवणाची पंगत कशी आली, हे त्यात दिसू द्या. अवघड उजेडातलं काम पाहूनच हात किती बसलाय ते कळतं.

आपल्या लग्नात तर एक नेमकी कसोटीच आहे. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट सरकतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात. हा क्षण दोन-तीन सेकंदांचा. दोघं समोरासमोर उभे असल्यामुळे एका कॅमेऱ्याला एकाचाच चेहरा नीट मिळतो. नवरा आणि नवरी दोघांचेही त्याच क्षणाचे फोटो शेजारी-शेजारी लावले, तर दोन माणसं दोन बाजूंना उभी होती हे न सांगताच कळतं. खाली एक ओळ लिहा: हे फोटो कुणी काढले आणि तुमच्या लग्नाला तोच येणार का. पोस्ट एकाची आणि लग्नाला आला भलताच, ही या धंद्यातली सर्वांत जुनी तक्रार आहे.

आता केटरिंग. इथे खरी गडबड ताटाच्या भावात असते. समजा, चारशे पानांचं लग्न आहे. पहिला केटरर म्हणतो ₹320 ताट, दुसरा म्हणतो ₹370. घरात सगळे पहिल्याकडे वळतात. पण पहिल्याच्या भावात 5 टक्के जीएसटी नाही, म्हणजे ₹6,400 वाढले. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, ₹4,000. वाढपी वेगळे, ₹8,400. चाळीस माणसं जास्त आली आणि जादा ताट ₹450 ने लागलं, म्हणजे ₹18,000. एकूण झाले ₹1,64,800. दुसऱ्याचे ₹370 सगळं धरून होते आणि जादा ताटही त्याच भावात. त्याच्या 440 ताटांचे झाले ₹1,62,800. पन्नास रुपयांनी स्वस्त वाटलेला माणूस शेवटी दोन हजारांनी महाग पडला.

त्यामुळे भाव लिहिताना आकड्याखाली चार गोष्टी लिहा: त्यात काय आलं, काय नाही, कमीत कमी किती ताटांचे पैसे घेणार आणि जादा ताट कितीला. जीएसटी नोंदणी असेल तर नंबर द्या, नसेल तर तो आकारताच येत नाही. ताटं मोजण्यावरूनही वाद होतात. जेवणाआधी ताटांची थप्पी घरच्या माणसासमोर मोजा आणि नंतर उरलेली पुन्हा मोजा. "मोजायला तुमचा माणूस बसवा" असं केटररनेच आधी म्हटलं, की घरचे निम्मे निश्चिंत होतात.

राहिली ओळखीतून येणारी कामं. इथे एक गंमत आहे. केटररबद्दल आपण यजमानाला विचारतो, पण यजमान त्या दिवशी धड जेवलेलाच नसतो! विचारायचं ते शेवटच्या पंगतीला बसलेल्यांना: वरण-बट्टी गरम होती का, घोटलेली वांग्याची भाजी उरली होती का, की नुसता भात-वरणावर निभावलं? यजमानाला मात्र दोनच प्रश्न विचारा: शेवटचं बिल ठरल्यापेक्षा कितीने वाढलं, आणि का? फोटोग्राफरच्या बाबतीत विचारा, अल्बम कबूल केलेल्या तारखेनंतर किती दिवसांनी हातात आला?

धंदा करणाऱ्यांनी हे प्रश्न येणार असं धरूनच काम करावं. शेवटच्या पंगतीसाठी थोडी बट्टी मागे ठेवावी. अल्बमला दोन महिने लागत असतील तर दोनच सांगावेत, एक नाही. आणि नाव सुचवणाऱ्याला कमिशन देत असाल, तर ते नव्या ग्राहकाला सांगून टाका. ते नंतर दुसरीकडून कळलं, की आधीच्या सगळ्या शिफारशींवर संशय येतो.

सुरतेत आपला समाज एकमेकांना धरून आहे. लिंबायतला वाढलेलं बिल आठवड्यात डिंडोलीला कळतं. न वाढलेलं बिलही तितक्याच लवकर कळतं.