10 जानेवारी नेमका कितव्या आठवड्यात?

पनवेलच्या एका वाचक भगिनींनी मुलीच्या अभ्यासासाठी एक्सेलमध्ये 2026-27 चा तक्ता केला आहे. शाळेच्या नियोजनपत्रकात तारखांऐवजी आठवड्यांचे क्रमांक छापले आहेत, म्हणून तक्त्यात प्रत्येक तारखेसमोर WEEKNUM चे सूत्र लावले. जून ते डिसेंबर सगळे जुळले. जानेवारीपासून मात्र शाळेचा आठवडा एक आणि तक्त्याचा दुसराच. पत्रकात चाचणी 3 क्रमांकाच्या आठवड्यात आहे. तक्त्याप्रमाणे ती 16 जानेवारीला संपते, म्हणून पुढच्या आठवड्यात महाडला लग्नाला जायचे ठरत होते. पत्रकाप्रमाणे चाचणी 18 जानेवारीला सुरू होते, म्हणजे नेमक्या त्याच आठवड्यात! चूक शाळेची की संगणकाची, असे त्यांनी विचारले आहे.

आमच्या मते चूक दोघांचीही नाही. दोघांची मोजण्याची रीत वेगळी आहे. WEEKNUM ला कंसात दोन गोष्टी देता येतात. पहिली तारीख. दुसरा एक आकडा, ज्याला पडद्यावर return_type म्हणतात. आठवडा कोणत्या वारी सुरू होतो आणि पहिला आठवडा कोणता धरायचा, हे तो आकडा ठरवतो. तो दिला नाही तर एक्सेल 1 धरून चालते. A2 या चौकटीत 10 जानेवारी 2027, रविवार, ही तारीख ठेवा आणि तीन सूत्रे लिहून पाहा.

```
=WEEKNUM(A2)
=WEEKNUM(A2,2)
=WEEKNUM(A2,21)
```

उत्तरे अनुक्रमे 3, 2 आणि 1 येतील. तारीख एकच आहे, आठवडे तीन.

पहिल्या सूत्रात आठवडा रविवारी सुरू होतो आणि 1 जानेवारी ज्यात येते तो पहिला आठवडा. 2027 ची 1 जानेवारी शुक्रवारी आहे. म्हणून शुक्रवार-शनिवार हे दोनच दिवस पहिला आठवडा ठरतात, 3 तारखेला दुसरा आणि 10 तारखेला तिसरा सुरू होतो. दुसऱ्या सूत्रात आठवडा सोमवारी सुरू होतो, पण 1 ते 3 जानेवारी हे तीन दिवस तरीही पहिला आठवडाच. तिसऱ्या सूत्रातला 21 म्हणजे आयएसओ ही आंतरराष्ट्रीय रीत. तिच्यात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. 2027 चा पहिला गुरुवार 7 तारखेला आहे, म्हणून पहिला आठवडा 4 ते 10 जानेवारी. त्याआधीचे तीन दिवस मागच्या वर्षाच्या 53 व्या आठवड्यात जातात. तिथे 53 दिसले तर सूत्र बिघडले असे समजू नये.

या भगिनींच्या पत्रकात पहिला आठवडा 4 जानेवारीला सुरू होतो, म्हणून त्यांना 21 हवा. नुसते 2 घालून भागणार नाही.

मग डिसेंबरपर्यंत सगळे जुळले कसे? 2026 ची 1 जानेवारी गुरुवारी होती. त्यामुळे त्या वर्षी 2 आणि 21 ची उत्तरे सारखीच येतात, आणि 1 चे उत्तर फक्त रविवारी वेगळे पडते. 15 जून 2026 या सोमवारी तिन्ही सूत्रे 25 सांगतात. 21 जूनच्या रविवारी पहिले सूत्र 26 म्हणते, बाकी दोन 25. रविवारी शाळा नसते, म्हणून हा फरक कोणाच्या नजरेस पडत नाही. तेव्हा सूत्र तपासायचे तर जूनमधल्या एखाद्या सोमवारावर विसंबू नका. एक रविवार आणि जानेवारीतली एक तारीख घालून पत्रकाशी ताडून पाहा.

घरातले दुसरे मूल मकतबला जात असेल आणि तिथे शुक्रवारी सुट्टी असून आठवडा शनिवारी सुरू होत असेल, तर आकडा 16 द्यावा. मात्र त्यातही 1 जानेवारीचाच आठवडा पहिला धरला जातो.

काही शाळा जानेवारीपासून मोजतच नाहीत. शाळा उघडते तो त्यांचा पहिला आठवडा. तिथे कोणताही आकडा कामी येत नाही. शाळा 15 जून 2026 ला उघडली असे धरून हे सूत्र लिहावे:

```
=INT((A2-DATE(2026,6,15))/7)+1
```

18 जानेवारी 2027 साठी याचे उत्तर 32 येते. यात दिवाळीच्या सुट्टीचे आठवडेही मोजले जातात. शाळा ते मोजत नसेल, तर सुट्टीनंतरच्या तारखांमधून तेवढे वजा करावे लागतील.

महाडचे लग्न 23 जानेवारीच्या शनिवारी आहे. चाचणी शुक्रवारीच संपते का, एवढे वर्गशिक्षकांना आठवड्याच्या क्रमांकाने नव्हे, तारखेने विचारून घ्यावे.