पंचाहत्तर किलोमीटर म्हणजे नेमके किती?

कंपनीच्या कामगिरीवर फिल्मची संहिता लिहायची तर माझ्या मते तीन प्रश्न पुरतात. गिऱ्हाइकाची अडचण काय होती, आपण काय केलं आणि मोजून काय हाती आलं? आमच्या अमरावती-अकोला रस्त्याचंच बघा ना.

गिऱ्हाईक म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. अडचण म्हणजे वर्षानुवर्षं रखडलेला, खड्ड्यांचा रस्ता. जून २०२२ मध्ये राजपथ इन्फ्राकॉनने ७२० माणसं लावून रात्रंदिवस डांबरीकरण केलं आणि १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर पूर्ण केले. गिनीज बुकात नोंद झाली.

आता गंमत अशी, की "पाच दिवसांत ७५ किलोमीटर रस्ता बांधला" असं लिहिलं की ते खोटं होतं. ७५ किलोमीटर ही एका लेनची लांबी. दोन लेनचा रस्ता धरला तर ३७.५ किलोमीटरच भरतो. शिवाय त्या तासांत पडला तो डांबरी काँक्रीटचा थर. खालचे थर आधीच तयार लागतात. हे सांगितल्याने काम लहान होत नाही. तासाला सातशे मीटर, तेही वऱ्हाडातल्या जूनमध्ये, थोडं नाही!

पण विक्रम हे अडचणीचं उत्तर नव्हे. गिऱ्हाइकाची तक्रार वेगाची नव्हती, खड्ड्यांची होती. म्हणून शेवटचा आकडा पावसाळ्यांनंतरच्या खड्ड्यांचा आणि अकोल्याला पोचायला लागणाऱ्या वेळाचा हवा. तो नसेल तर निवेदकाने तिथेच थांबावं. तुम्हाला काय वाटतं?