चर्च रिकामं झालं, श्रद्धा कुठे गेली?

'युरोपात विज्ञान आलं आणि धर्म संपला' हे वाक्य आपल्या व्याख्यानांतून हमखास टाळी घेतं. आम्हाला ते मान्य नाही.

इंग्लंडचंच बघा. ३० मार्च १८५१ च्या रविवारी इंग्लंड-वेल्समधल्या प्रार्थनास्थळांतली हजेरी सरकारने मोजली. गंमत अशी, की माणसं मोजलीच नाहीत. सकाळ, दुपार, संध्याकाळच्या हजेऱ्या मोजल्या, म्हणजे दोनदा गेलेला दोनदा धरला. मग अहवाल लिहिणाऱ्या होरेस मानने अंदाज बांधला, की जाता येत असूनही सुमारे ५२ लाख लोक गेले नाहीत, आणि त्यांत कामगार फार. तेव्हा डार्विनचा ग्रंथ यायला आठ वर्षं होती!

पण न जाणारे नास्तिक होते का? सारा विल्यम्स यांनी लंडनच्या साउथवर्क या कामगार वस्तीचा १८८० ते १९३९ असा अभ्यास केला. रविवारी चर्चकडे न फिरकणाऱ्या घरांतही बाळाचा बाप्तिस्मा व्हायचाच. बाळंतिणीने चर्चमध्ये आभारविधी करेपर्यंत बाहेर पडणं अशुभ मानलं जाई. पाद्रीला अभिप्रेत होता तो अर्थ बायांनी घेतला नव्हता. विधी चर्चचा, अर्थ त्यांचा.

आता सत्तेकडे या. १८३७ पर्यंत क्वेकर आणि यहुदी सोडले तर इंग्लंडमध्ये कायदेशीर लग्न फक्त अँग्लिकन चर्चमध्येच लागायचं. दुसऱ्या पंथाच्या माणसालाही आपल्या गावच्या अँग्लिकन चर्चच्या डागडुजीसाठी पट्टी भरावी लागे. ती सक्ती १८६८ साली गेली. ही मक्तेदारी मोडायला सर्वांत जास्त कोण झटलं? बाप्टिस्ट, काँग्रिगेशनलिस्ट, म्हणजे कट्टर श्रद्धावान ख्रिस्ती. चर्चची सत्ता खचत होती ती श्रद्धा जोरात असतानाच.

म्हणून 'सेक्युलरायझेशन' या एका शब्दात दोन वेगळे हिशेब कोंबणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. कॅलम ब्राउन तर म्हणतात, की ब्रिटन खऱ्या अर्थाने बिगरख्रिस्ती व्हायला लागलं ते १९६३ च्या सुमारास, आणि कारण कारखाना नव्हे. धार्मिकतेचा भार ज्यांच्या खांद्यावर होता त्या स्त्रियांनी तो उतरवला. तारीख इतकी नेमकी सांगणं आम्हाला जरा धाडसाचं वाटतं. पण स्त्रियांकडे बोट दाखवणं बरोबर आहे.

ग्रेस डेव्ही यांचं म्हणणं, लोक चर्चचे सभासद राहिले नाहीत तरी विश्वास ठेवत राहिले. स्टीव्ह ब्रूस यांचा त्यावर सवाल रोकडा आहे: शिकवणारी संस्थाच गेली तर तो विश्वास पुढच्या पिढीला देणार कोण? याचं उत्तर डेव्हींच्या बाजूला जड जातं. साउथवर्कच्या आजीकडे विधी होता. नातीकडे बहुधा त्याची आठवणच उरली.